शुक्रवार देवळालीचा

७ ऑगस्ट २०२० ला आमच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे सुटली. गाडीचा कागद त्याआधीच मोबाइलवरून गावात आला होता. पारावर, दूध डेअरीवर, जिथं तिथं तोच कागद. पण ज्याला विचारावं तो दोनच गोष्टी सांगायचा, शुक्रवार आणि अकरा. शुक्रवारी अकराला माल घेऊन जायचं, गाडीत टाकायचा, झालं. त्या कागदावर आणखी बरंच काही होतं. पोचायची वेळ होती, परतीची गाडी होती, मधली चौदा स्टेशनं होती आणि अंतर होतं. ते कोणी वाचेना.

मला वेळापत्रक वाचायची सवय जुनी. १ नोव्हेंबर १९७५ ला मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. निफाडच्या स्टेशनात तिकीट देणारे एक क्लार्क होते, त्यांनी फळीवरच्या रकान्यांवर बोट ठेवून मला ते शिकवलं. "येण्याचा रकाना वेगळा, सुटण्याचा वेगळा, आणि दोन्हींच्या मधे जे उरतं तो तुझा वेळ," असं ते म्हणायचे. पुढं दहावी झाली, शेती आली, पण ही सवय काही गेली नाही. घरात कोणाला कुठं जायचं असलं तर कागद माझ्यापुढं येतो.

तर कागदावर असं होतं. गाडी नंबर ००१०७, देवळाली सुटणार शुक्रवारी ११.००, दानापूर पोचणार दुसऱ्या दिवशी १८.४५. परतीची ००१०८, दानापूर सुटणार रविवारी १२.००, देवळाली पोचणार दुसऱ्या दिवशी १९.४५. एकूण अंतर १५१९ किलोमीटर.

यात पहिली समजून घ्यायची गोष्ट वार. वेळापत्रकात गाडीचा जो वार लिहिलेला असतो तो गाडी जिथून निघते त्या स्टेशनाचा असतो. शुक्रवार हा देवळालीचा. दानापूरच्या माणसाला ही गाडी शनिवारची. आणि रविवार हा दानापूरचा, देवळालीच्या माणसाला ती परतीची गाडी सोमवारची. मधे कुठंतरी रात्री बारा वाजतात, गाडी चालूच असते आणि वार बदलतो. कागदावरचा वार मात्र बदलत नाही. सविस्तर वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनापुढं बारीक अक्षरात दिवस १, दिवस २ असा आकडा असतो. आपल्या स्टेशनापुढं २ असला तर लिहिलेल्या वारात एक मिळवायचा. समजा एखादी गाडी सोमवारी आणि गुरुवारी सुटते, आणि आपल्या स्टेशनापुढं दिवस २ आहे. मग ती आपल्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारी येणार. सोमवारी फलाटावर जाऊन बसलं तर रात्रभर डास मारत बसायचं.

रोज धावणाऱ्या गाडीला हे लागत नाही असं वाटतं, पण तिथं दुसराच खड्डा असतो. आमच्याकडून छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडं जायला देवगिरी एक्सप्रेस आहे. ती मुंबईहून रात्री साडेनऊच्या सुमारास निघते आणि नाशिकरोडला मध्यरात्र उलटल्यावर येते. माझ्या पुतण्याला शनिवारी रात्री जेवून निघायचं होतं, म्हणून तो शनिवारचं तिकीट काढायला बसला. मी म्हटलं, "बाबा रे, तू घरून शनिवारी निघशील, पण गाडी फलाटावर लागेल तेव्हा रविवार झालेला असेल. तिकीट रविवारचं काढ." तो म्हणे, "काका, रविवारी रात्री कशाला जाऊ? सकाळी लग्न आहे ना." त्याला कॅलेंडर पुढं ठेवून समजवावं लागलं. शनिवारची तारीख टाकली असती तर ते तिकीट शुक्रवारी रात्री निघणाऱ्या माणसाचं झालं असतं. २३ नंतर ०० येतं, आणि ०० दिसलं की तारखेकडं पुन्हा एकदा बघायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता माल. आमच्याकडं त्या साली टोमॅटोची आगाप लागवड होती. टाळेबंदीमुळं बाजाराचा भरवसा नव्हता, आणि पाटण्याकडच्या एका व्यापाऱ्याशी आमच्यातल्या एकाचं बोलणं झालेलं. सहा जणांनी मिळून माल द्यायचं ठरलं. १४ ऑगस्टचा शुक्रवार धरला. लगेच वाद निघाला, माल देवळालीला न्यायचा का नाशिकरोडला? गोदाकाठच्या आमच्या गावाहून नाशिकरोड आधी लागतं, देवळाली त्याच्या पुढं पाच-सहा किलोमीटर. कागदावर नाशिकरोडलाही थांबा होता. तात्या म्हणाले, "गाडी जर दोन्हीकडं थांबती, तर पुढं कशाला जायचं उगीच डिझेल जाळीत?"

इथं येण्याची आणि सुटण्याची वेळ कशी वाचायची ते कामी येतं. गाडी जिथून निघते त्या स्टेशनापुढं येण्याचा रकाना रिकामा असतो. रिकामा म्हणजे काही नाही असं नव्हे. त्याचा अर्थ गाडी तिथं आधीपासून उभी असते. डबे लावलेले असतात, दारं उघडी असतात आणि माल तासन् तास भरता येतो. मधल्या स्टेशनात मात्र येण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ यांच्यातलं अंतर एवढाच काय तो अवधी. त्यात आधी तिथला माल उतरायचा, मग नवा चढायचा.

मी तात्यांना हिशोब करून दाखवला. समजा थांबा वीस मिनिटांचा धरला. हमाल हातोहात क्रेट देत असतील तर एका क्रेटला सहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला दहा. वीस मिनिटांत दोनशे क्रेट. आमचा टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा, म्हणजे एका दारातून चार टन. पार्सलच्या एका डब्यात माल मावतो २३ टन. म्हणजे मधल्या स्टेशनावर डबा भरत नाही, फक्त उरलेल्या जागेत भर घालता येते. आणि त्या दिवशी डबा आधीच भरून आला तर? माल फलाटावर, गाडी मनमाडला. प्रवासी गाड्यांच्या बाबतीत तर हे आणखी कडक. पंचवटी निफाडला, लासलगावला थांबते, माणूस उडी मारून चढतो, पण पाच मिनिटांच्या आतला थांबा असला तर तिथं सहसा पार्सल घेत नाहीत. थांबा माणसासाठी आहे का मालासाठी, हे मिनिटांवरून ओळखायचं असतं. तात्यांनी क्रेट मोजले, डिझेल मोजलं आणि देवळालीला यायला तयार झाले.

सुटण्याची वेळ ११.०० ही माल आणायची वेळ नव्हे, हेही सांगावं लागलं. माल आधी वजनावर जातो, पावती होते, प्रत्येक नगावर खूण पडते, मग डब्यात. अकराला दारं बंद झालेली असतात. आम्ही पहाटे पाचला टेम्पो काढायचं ठरवलं, आणि त्यावरून तोडणी गुरुवारी दुपारी तीन ते सहा अशी ठरली. शुक्रवारी सकाळी तोडू म्हणणारे दोघं होते, ते गप्प बसले.

मग अंतराचा रकाना. बहुतेकांना वाटतं तो भाड्यासाठी असतो. भाड्यासाठी आहेच, पण गाडी कशी चालणार आहे तेही त्यातूनच कळतं. शुक्रवारी ११.०० ते शनिवारी ११.०० चोवीस तास, तिथून १८.४५ पर्यंत पावणेआठ, म्हणजे एकूण पावणेबत्तीस तास. १५१९ ला पावणेबत्तीसनं भागलं की तासाला सुमारे ४८ किलोमीटर येतात. हा थांबे धरून सरासरी वेग झाला. पंचवटी मनमाड ते नाशिकरोड सत्तरेक किलोमीटर साधारण तासाभरात काढते, तीही मधे दोनदा थांबून. मग ही गाडी हळू का? चौदा थांबे. सरासरी वीस मिनिटं धरली तरी जवळपास पावणेपाच तास नुसते उभं राहण्यात जातात. ते वजा केले तर चालता वेग छप्पनच्या आसपास येतो. हे कळलं म्हणजे टोमॅटो किती वेळ चालत्या हवेत असणार आणि किती वेळ उन्हात तापलेल्या उभ्या डब्यात, याचा अंदाज येतो. क्रेटच्या थरांत फट ठेवायची ती याचसाठी.

अंतर वाचताना एक ध्यानात ठेवावं. त्या कागदावरचे १५१९ देवळालीपासून मोजलेले होते. मोठ्या वेळापत्रकात आमच्या मार्गाचे किलोमीटर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजतात. नाशिकरोड तिथून सुमारे १८७, मनमाड सुमारे २६०. दोन गावांतलं अंतर हवं तर वजाबाकी करायची. रुळाकडेच्या विजेच्या खांबांवर दोन आकडे असतात, तेही असेच. वरचा आकडा मुंबईपासूनचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरातला खांबाचा नंबर. रानात ज्यांची जमीन रुळाला लागून आहे त्यांनी आपला खांब पाठ ठेवावा. रुळाजवळ काही झालं, गाय गेली किंवा फांदी पडली, तर रेल्वेच्या माणसाला गट नंबर सांगून उपयोग नाही, त्याला खांबाचा आकडा लागतो.

मुंबईपासून मोजण्यातूनच अप आणि डाऊन आलं. मुंबईकडं जाणारी ती अप, मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. याचा चढ-उताराशी संबंध नाही, उलट आमच्या थळ घाटात ते नेमकं उफराटं आहे. डाऊन गाडी कसाऱ्याहून इगतपुरीकडं घाट चढते, सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. अप गाडी घाट उतरते. म्हातारी माणसं अजून विचारतात, वर जाणारी गाडी खाली कशी जाते? देवळालीहून उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीला या घाटाशी काही घेणंदेणं नाही, ती घाटमाथ्यावरूनच निघते. किसान रेल्वे देवळालीहून सोडण्यात मला तरी ही एक सोय दिसते.

अंतर आणि वेळ शेजारीशेजारी ठेवून वाचलं की वेळापत्रकातली राखीव मिनिटं दिसतात. ही फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. मुंबईहून निघालेली लांबची गाडी दादरला साधारण दहा-बारा मिनिटांत येते, अंतर नऊ किलोमीटर. तीच गाडी परत येताना दादरहून शेवटच्या स्टेशनाला बरीच जास्त वेळ दाखवलेली असते, कधी कधी दुप्पट. रूळ तोच, अंतर तेच. मग वेळ कुठं गेला? तो राखून ठेवलेला असतो. वाटेत झालेला उशीर शेवटच्या टप्प्यात भरून निघावा आणि गाडी कागदावर वेळेत पोचावी म्हणून. ओळखायची रीत सोपी आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचा एकच टप्पा घ्यायचा आणि मिनिटं ताडून बघायची. जिथं फरक मोठा, आणि मधे घाट नाही, तिथं राखीव वेळ आहे असं धरायचं. त्यामुळं गाडी शेवटच्या मोठ्या थांब्यावर थोडी मागं असली तरी शेवटच्या स्टेशनावर तेवढी मागं असेलच असं नाही. पण ज्याला मधल्याच स्टेशनात उतरायचं आहे त्याला या राखीव वेळेचा काही फायदा नाही. त्याच्या वाट्याला उशीर पुरा येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी कागदाच्या मागच्या बाजूला टोमॅटोचं वय काढलं. तोडणी संपली गुरुवारी संध्याकाळी सहाला. गाडी शनिवारी पावणेसातला पोचणार, उतरवून व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जाईपर्यंत रात्र. विक्री रविवारी पहाटे पाचला. गुरुवारी सहा ते शुक्रवारी सहा चोवीस, शनिवारी सहाला अठ्ठेचाळीस, पुढं पहाटे पाचपर्यंत अकरा. एकोणसाठ तास. वेळापत्रक म्हणतं पावणेबत्तीस, माल म्हणतो एकोणसाठ. उरलेले सव्वासत्तावीस तास गाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, ते कुठल्याच रकान्यात नसतात. पिंपळगावच्या बाजारात आम्ही तोडतो तसा लालबुंद माल या हिशोबात बसत नव्हता. म्हणून बुडाशी नुकता रंग धरलेला, हाताला टणक लागणारा तेवढाच तोडायचा ठरला. बायामाणसांना तोडणीआधी प्रत्येकी एकेक फळ हातात देऊन दाखवलं, असा. याच्यापुढचा नको.

तात्यांची खरी काळजी क्रेटची होती. क्रेट विकत घेतलेले, दोनशे. ते म्हणाले, "रविवारी तिकडून गाडी निघती ना, मग रविवारी संध्याकाळी टेम्पो देवळालीला धाडतो, क्रेट घेऊन येईल." मी म्हटलं, "तात्या, रविवार दानापूरचा. आपल्याकडं ती सोमवारी पावणेआठला, रात्री."

"बरं, सोमवारी."

"सोमवारीही आपले क्रेट नाही येणार."

आता तात्या चिडले. पण कागद नीट बघा. माल शनिवारी संध्याकाळी पोचला. रविवारी पहाटे विकायला लागला. परतीची गाडी रविवारी दुपारी बाराला, आणि माल तिच्यात त्याआधी काही तास चढवायला हवा. पहाटे विक्री सुरू झालेला टोमॅटो सकाळी नऊपर्यंत संपून, क्रेट रिकामे होऊन, बांधून, पावती होऊन स्टेशनात यायला कसे लागतील? ते चुकणारच. मग ते पुढच्या रविवारच्या गाडीत चढणार, म्हणजे २३ तारखेच्या, आणि देवळालीला येणार सोमवारी २४ ला. गुरुवारी १३ ला भरलेला क्रेट २४ ला परत. अकरा दिवस. मधे २० तारखेची तोडणी आहे, तिला क्रेट नाहीत. २७ च्या तोडणीला मात्र पहिले क्रेट हाताशी येतात. म्हणजे दर आठवड्याला माल पाठवायचा असेल तर दोनशेनं भागणार नाही, चारशे लागतील.

तात्या बराच वेळ बोटं मोजत बसले. "म्हणजे गाडी आठवड्याला हाये, पण क्रेटला पंधरवडा लागतोय," असं ते म्हणाले. अगदी बरोबर बोलले. वाहन आठवड्याचं, पण त्याच्या जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांत जी फट आहे तिच्यात आपलं सामान बसत नाही. दानापूरहून परतीची गाडी रविवारऐवजी सोमवारी असती तर तेच क्रेट मंगळवारी घरी आले असते आणि दोनशेत भागलं असतं. एका दिवसाच्या फरकाची किंमत दोनशे क्रेट.

शेवटी सहाही जणांनी पुठ्ठ्याच्या पेट्या घेतल्या. पेटीचा खर्च मालावर चढला, पण परत आणायची भानगड राहिली नाही. टोमॅटो रविवारी विकला गेला, व्यापाऱ्यानं खालच्या थरातल्या थोड्या पेट्या दबल्याचं सांगितलं, ते पुठ्ठ्याचं दुखणं. पुढच्या वेळी थर कमी केले.

नंतर ही गाडी दानापूरच्या पुढं मुजफ्फरपूरपर्यंत नेली आणि फेऱ्याही वाढवल्या. नवा कागद आला तेव्हा तात्या तो घेऊन स्वतः माझ्याकडं आले. चष्मा लावून त्यांनी आधी वार बघितला, मग विचारलं, "हा वार कोणाचा, आपला का त्यांचा?"